कुरडईपासून पहिल्या पगारापर्यंत : गावाकडचं मराठी रेसिपी चॅनेल सुरू करताना

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, मिळून स्वयंपाकाचं आणि शेतावरच्या कामांचं एक यूट्यूब चॅनेल चालवतो. पहिला व्हिडिओ मार्च 2021 मध्ये टाकला. पहिले पैसे बँकेत आले नोव्हेंबर 2023 मध्ये. मधले बत्तीस महिने एक रुपयाही मिळाला नाही. आम्ही त्यात अधूनमधून चुकलो म्हणून थोडा उशीर झाला, पण छोट्या मराठी चॅनेलला दोन-अडीच वर्षं लागणं यात जगावेगळं काही नाही. म्हणून हा लेख त्या उशिराला धरूनच लिहिते आहे. पैसे तीन वर्षांनी येणार आहेत असं आधीच मानलं, तर कोणता व्हिडिओ करायचा, किती खर्च करायचा, खातं कुणाच्या नावावर काढायचं, हे सगळेच निर्णय बदलतात.

आधी गणित

जाहिरातींचे पैसे सुरू होण्यासाठी यूट्यूबची अट अशी : 1,000 सबस्क्राइबर आणि गेल्या 12 महिन्यांत लोकांनी तुमचे सार्वजनिक व्हिडिओ मिळून 4,000 तास पाहिलेले असणं. तासांऐवजी गेल्या 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज हाही रस्ता आहे, पण मराठी रेसिपीसाठी तो मी धरत नाही. त्याआधीची एक पायरीही आहे : 500 सबस्क्राइबर, 90 दिवसांत तीन व्हिडिओ आणि 3,000 तास. तिथे मेंबरशिप आणि ‘सुपर थँक्स’सारख्या, प्रेक्षकांनी थेट पैसे देण्याच्या गोष्टी उघडतात, जाहिरातींचे पैसे मात्र नाहीत.

4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. तुमचा आठ मिनिटांचा व्हिडिओ लोक सरासरी चार मिनिटं पाहत असतील, तर वर्षभरात 60,000 व्ह्यूज लागतात. तीनच मिनिटं पाहत असतील तर 80,000. चाळीस व्हिडिओ असतील तर प्रत्येकाला दीड ते दोन हजार. हा आकडा गाठण्यासारखा आहे, पण हे तास फक्त मागच्या बारा महिन्यांचे मोजले जातात. तेरावा महिना लागला की सगळ्यात जुना महिना गळून पडतो. मध्ये चार महिने काम थांबवलं तर आकडा पुढे जायच्या ऐवजी मागे येतो, आणि नवीन माणसाला वाटतं काहीतरी बिघडलं. जुना व्हिडिओ काढून टाकला किंवा खाजगी केला तर त्याचेही तास जातात. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ या 4,000 तासांत धरलाच जात नाही. माझ्या जाऊबाईंच्या ओळखीतल्या एका मुलीचे शॉर्ट्स लाखांत पाहिले गेले आणि तास जेमतेम दोनशे भरले, ते याचमुळे.

आता पैशांचं. समजा, अट पूर्ण झाली आणि हजार व्ह्यूजमागे तुमच्या हाती 30 रुपये येतात. दर ऋतूप्रमाणे आणि प्रेक्षकांप्रमाणे हलतो, हिशोबासाठी एवढाच धरू. पैसे बँकेत येण्यासाठी खात्यात किमान 100 डॉलर साठावे लागतात, म्हणजे साधारण नऊ हजार रुपये. त्याला तीन लाख व्ह्यूज हवेत. महिन्याला वीस हजार व्ह्यूज असतील तर महिन्याला 600 रुपये, आणि पहिल्या पगाराला पंधरा महिने. हे अट पूर्ण झाल्यानंतरचे पंधरा महिने आहेत.

यातून मी दोन नियम काढले आणि बाकी सगळं त्यावरच उभं आहे. एक, जे घरात किंवा रानात होणारच आहे तेच चित्रित करायचं. व्हिडिओसाठी म्हणून मुद्दाम पनीर, काजू, नवी भांडी आणायची नाहीत. दोन, व्हिडिओ असा हवा की पुढच्या वर्षी त्याच महिन्यात लोकांना तो पुन्हा शोधावा लागेल.

कोणता पदार्थ निवडायचा

दुसऱ्या नियमासाठी आपल्याकडे मोठी सोय आहे, ती म्हणजे पंचांग. आमच्या भागात वेळ अमावास्येला शेतात भज्जी, आंबील आणि उंडे लागतातच. मार्च ते मे कुरडया, पापड, सांडगे, शेवया. थंडीत हुरडा आणि शेंगोळे. यातली प्रत्येक गोष्ट शहरात राहणारी कुणीतरी लेक-सून त्या त्या आठवड्यात मोबाईलवर शोधत असते, कारण विचारायला आई जवळ नसते किंवा आईच्या अंदाजाला माप नसतं. नुसती ‘बटाट्याची भाजी’ टाकली तर ती हजारो व्हिडिओंखाली जाते. ‘भज्जीत कोणकोणत्या भाज्या आणि बेसन किती’ याला उत्तर देणारे तुलनेने कमी.

व्हिडिओ सणाच्या दिवशी टाकून उपयोग नाही. लोक आधी शोधतात. वेळ अमावास्येचा व्हिडिओ आम्ही पहिल्या वर्षी त्याच दिवशी शूट करून रात्री टाकला, तेव्हा तो कुणीच पाहिला नाही. तोच व्हिडिओ पुढच्या वर्षी आदल्या आठवड्यापासून आपोआप चालायला लागला. आता आम्ही यंदा शूट केलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवतो आणि तीन आठवडे आधी टाकतो. पैसे नाहीतरी उशिरा येणार आहेत, त्यामुळे वर्षभर थांबण्याने काही बिघडत नाही.

खातं आणि चॅनेल

ही पायरी लोक पाच मिनिटांत उरकतात आणि नंतर तीच सगळ्यात महाग पडते. आमचं पहिलं चॅनेल पुतण्याने त्याच्या जीमेलवर काढलं होतं. तो पुण्याला नोकरीला गेला, फोन बदलला, आणि दोन महिने आम्हाला स्वतःच्या चॅनेलमध्ये शिरता येईना. शेवटी नवीन काढलं आणि आधीचे अकरा व्हिडिओ सोडून दिले.

म्हणून गूगल खातं त्याच माणसाच्या नावाने काढा ज्याच्या बँक खात्यात पुढे पैसे येणार आहेत. वय 18 पूर्ण हवं. पॅन कार्डवरचं, बँक पासबुकावरचं आणि गूगल ज्यातून जाहिरातींचे पैसे देतं त्या ॲडसेन्स खात्यावरचं नाव एकच असू द्या. पासबुकावर माहेरचं नाव आणि पॅनवर सासरचं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या, हाती दोन वर्षं आहेत. पुतण्या, मुलगा, शेजारचा पोरगा मदत करणार असेल तर त्याला पासवर्ड देऊ नका. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये Permissions म्हणून जागा आहे, तिथून त्याच्या ईमेलला Editor करा. तो व्हिडिओ चढवू शकतो, चॅनेल घेऊन जाऊ शकत नाही.

मोबाईल नंबर पडताळून घ्या, त्याशिवाय पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ आणि स्वतः बनवलेला थंबनेल टाकता येत नाही. दोन टप्प्यांची सुरक्षा पहिल्याच दिवशी चालू करा. सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे गाजलेलं चॅनेल 2020 मध्ये हॅक झालं होतं आणि नंतर परत मिळालं. लहान चॅनेललाही धोका असतोच. ‘आमच्या कंपनीची जाहिरात करा, करार सोबत जोडला आहे’ असा मेल येतो आणि जोडलेली फाइल उघडली की खातं गेलं. पैशांची वाट पाहून थकलेला माणूस अशा मेलला लवकर भुलतो, म्हणून हे आवर्जून सांगते.

किती खर्च करायचा

हातात असलेला मोबाईल, आठशे रुपयांपर्यंतचा ट्रायपॉड आणि साधा वायरचा कॉलर माइक. दोन हजारांच्या आत सगळं झालं पाहिजे. यापुढचं काहीही चॅनेलच्या पैशातूनच घ्यायचं असं आम्ही ठरवलं होतं, आणि त्यामुळे बत्तीस महिने घरात या विषयावर एकदाही वाद झाला नाही. कर्ज काढून कॅमेरा घेतलेल्यांना दर महिन्याच्या हप्त्याला व्ह्यूज मोजावे लागतात, आणि मग ते धीर सोडून काहीही टाकायला लागतात.

पैसे घालायचेच असतील तर माइकवर घाला. चित्र थोडं मंद असलं तर लोक पाहतात, पण आत्या चुलीपाशी काय म्हणाल्या हे ऐकू आलं नाही तर लगेच पुढे जातात. बाकी तीन गोष्टी फुकटच्या आहेत. लेन्स दर वेळी पुसा, स्वयंपाकघरात त्यावर तेलाचा थर बसतो आणि सगळं धुरकट दिसतं. दार किंवा खिडकी बाजूला येईल असं बसा, पाठीमागे नको. आणि स्क्रीनवर बोट दाबून फोकस व उजेड कुलूपबंद करा, नाहीतर चुलीतला जाळ वर आला की चित्र काळवंडतं, खाली गेला की पांढरं पडतं.

एक व्हिडिओ पहिल्यापासून : 1 किलो गव्हाच्या कुरडया

आमच्या चॅनेलला ज्याने तारलं तो व्हिडिओ हा. तो कसा फसला आणि कसा सुधारला ते सविस्तर सांगते.

कुरडई हे पाच दिवसांचं काम आहे. गहू तीन दिवस भिजतो आणि रोज पाणी बदलावं लागतं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक रात्रभर निवळत ठेवायचा. पाचव्या दिवशी सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं, उरलेला घट्ट चीक मोजायचा, जितका चीक तितकंच पाणी मीठ घालून उकळायचं, त्यात चीक सोडत एकसारखं हलवायचं आणि तो काचेसारखा दिसेपर्यंत वाफवायचा. मग गरम असतानाच सोऱ्यातून घालायच्या आणि कडक उन्हात दोन दिवस वाळवायच्या.

पहिल्या वर्षी मी हे सगळं घडलं त्या क्रमाने दाखवलं. सुरुवातीला चाळीस सेकंद गोठा, सूर्योदय आणि ‘नमस्कार मंडळी’. व्हिडिओ सतरा मिनिटांचा. स्टुडिओमध्ये लोक किती वेळ थांबले याचा आलेख असतो. त्यात दिसलं की पहिल्या तीस सेकंदांतच निम्म्याहून जास्त लोक निघून गेले होते. जे थांबले ते मात्र एका जागी मागे जाऊन पुन्हा पाहत होते, तिथे आलेखाला उंचवटा आला होता. ती जागा चीक-पाण्याच्या मापाची होती. माप आत्यांनी तोंडाने सांगितलं होतं आणि नेमका तेव्हाच शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज आला होता.

दुसऱ्या वर्षी तेच काम पुन्हा शूट केलं. पहिल्या दहा सेकंदांत तळलेली पांढरीशुभ्र कुरडई आणि आत्यांचं एकच वाक्य : ‘एक पातेलं चीक, एक पातेलं पाणी, बाकी काही लक्षात नाही ठेवलं तरी चालतंय.’ तेच माप अक्षरांतही स्क्रीनवर. भिजण्याचे तीन दिवस पंचवीस सेकंदांत आटोपले, रोज एक छोटा तुकडा शूट करून. खरा वेळ दिला तो तीन जागांना : चीक किती घट्ट निवळला हे वाटीने उचलून दाखवायला, शिजला की नाही हे ओल्या बोटाने पाहायला, आणि सोऱ्यातून पहिली कुरडई तुटली तेव्हा काय केलं ते दाखवायला. ती तुटलेली कुरडई मी आधी काढून टाकणार होते. आत्या म्हणाल्या, ‘राहू दे, सगळ्यांची तुटते.’ चीक कमी शिजला की कुरडई तुटते, पाणी जास्त झालं की ती बसकट होऊन कागदाला चिकटते, आणि भिजवणीचं पाणी बदललं नाही किंवा वरचं पाणी नीट ओतलं नाही तर रंग पिवळट येतो. हे कारणांसह सांगितल्यावर प्रश्नांचा पाऊस पडला, आणि ‘चीक आंबला तर’ हा पुढचा व्हिडिओ त्यातूनच मिळाला.

लांबी झाली साडेनऊ मिनिटं. आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत मधेही जाहिरात लावता येते, पण तेवढ्यासाठी पाच मिनिटांचा पदार्थ ताणू नका. आलेख लगेच खाली येतो.

शीर्षक असं ठेवलं :

```
गव्हाच्या कुरडया | 1 किलो गहू, चिकाचे अचूक प्रमाण | Kurdai Recipe in Marathi
```

मराठी माणूस पुष्कळदा रोमन अक्षरांत टाइप करून शोधतो, म्हणून शेवटचा तुकडा. थंबनेलवर एकच कुरडई आणि दोन शब्द.

हा व्हिडिओ मार्चच्या पहिल्या आठवड्यात टाकला. मे संपेपर्यंत चालला, पावसाळ्यात पार झोपला, आणि पुढच्या फेब्रुवारीत कुणी न उठवता उठला. अशा आठ-दहा व्हिडिओंवर चॅनेल चालतं. उरलेले शिकण्यासाठी असतात.

चढवण्याचं एक गावाकडचं गणित. मोबाईलवरचं मूळ चित्रीकरण आठ मिनिटांना साधारण 1 जीबी होतं. एडिट करून 1080 मध्ये काढलेली फाइल त्याच्या निम्म्यावर येते. रोजचा डेटा संपायच्या आत, रात्री अकराच्या पुढे अपलोड लावून झोपायचं. महिन्याला दोन किंवा तीन व्हिडिओ पुरे. आम्ही सुरुवातीला आठवड्याला एक केला आणि सुगीत कोलमडलो.

गाव दाखवताना

शेतातल्या कामाचे, यात्रेचे, आठवडी बाजाराचे व्हिडिओ करणार असाल तर चार गोष्टी आधीच पाहून घ्या. यात्रेतला डीजे किंवा घरातल्या टीव्हीवरचं गाणं व्हिडिओत आलं, तर त्या गाण्याचा मालक दावा लावतो आणि त्या व्हिडिओचे पैसे त्याच्याकडे जाऊ शकतात. तो भाग आवाज बंद करून वापरा. कोंबडी कापतानाचं चित्रण दाखवू नका, वयाची अट लागली की जाहिराती जवळजवळ बंद होतात. लहान मुलं मुख्य पात्र असतील तर कमेंट बंद होऊ शकतात. आणि पाणवठ्यावरच्या, खुरपणीतल्या बायांना आधी विचारा. आमच्या एका व्हिडिओत एका मावशींचा चेहरा न विचारता आला होता. त्यांनी काही म्हटलं नाही, पण नंतर दोन महिने त्या आमच्या बांधाला आल्या नाहीत. व्हिडिओ चॅनेलवरून काढून टाकला आणि जाऊन माफी मागितली.

दुसऱ्याचे तुकडे जोडून केलेले व्हिडिओ तपासणीत अडकतात, ते करूच नका.

अट पूर्ण झाल्यावर

आमचे 1,000 सबस्क्राइबर फेब्रुवारी 2022 मध्ये झाले आणि 4,000 तास ऑक्टोबरमध्ये. स्टुडिओतूनच अर्ज करायचा. तपासणीला साधारण महिनाभर लागतो. नाकारला तर कारण वाचून दुरुस्ती करा, पहिल्या नकारानंतर 30 दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो.

मग ॲडसेन्सचं खातं जोडायचं. माणशी एकच चालतं, आधी कधी काढून ठेवलं असेल तर तेच वापरा. पत्ता इंग्रजीत, पण पोस्टमनला कळेल असा : घराची खूण, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. कारण खात्यात 10 डॉलर झाले की ओळख तपासून ते साध्या टपालाने एक पिन पाठवतात. आमचं पत्र पाच आठवडे आलंच नाही. तीन आठवड्यांनी दुसरा पिन मागवता येतो, तो मागवला आणि पोस्टात जाऊन पोस्टमन दादांना सांगून ठेवलं की गूगलचं पत्र येईल, टाकू नका. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात, म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

त्याच खात्यात अमेरिकेच्या कराचा फॉर्म असतो, W-8BEN. आपला तिथे काय संबंध म्हणून लोक तो सोडून देतात. भरला नाही तर सगळ्या कमाईतून 24 टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. पॅन नंबर देऊन भारताच्या अमेरिकेशी असलेल्या कर-कराराचा पर्याय निवडला, तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या पैशांवर 15 टक्के कापले जातात. फॉर्म दर तीन वर्षांनी नवा करावा लागतो. इथल्या आयकर विवरणपत्रातही हे उत्पन्न दाखवायचं, त्यासाठी महिन्याचा आकडा वहीत उतरवून ठेवा.

परदेशातून पैसे यायला बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. छोट्या शाखेला तो बहुधा नसतो, तेव्हा पैसे कोणत्या शाखेच्या कोडने येतील हे आपल्या शाखेत लेखी विचारून घ्या. एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या 7 ते 12 तारखेदरम्यान खात्यात दिसते, आणि एकूण 100 डॉलर भरले असतील तर 21 ते 26 दरम्यान निघते. आमचे शंभर ऑक्टोबर 2023 अखेर भरले, म्हणून पैसे नोव्हेंबरमध्ये आले. 104 डॉलर होते, बँकेने रूपांतराचे थोडे कापले. शाखेतून फोन आला की परदेशातून रक्कम आली आहे, कशाची? यूट्यूबच्या जाहिरातींची, असं सांगितलं आणि त्यांनी दिलेला अर्ज भरून दिला. त्या पैशांतून पितळी सोऱ्या घेतला, जुन्याची चकती झिजली होती.